दहा टक्क्यांचं कर्ज अठरा टक्क्यांना कसं पडतं

घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना भरतकामाचं यंत्र घ्यायचं होतं. त्यासाठी १,२०,००० रुपयांचं कर्ज हवं होतं, मुदत दोन वर्षं. हाती दोन प्रस्ताव आले होते. पहिल्यावर व्याजदर १० टक्के लिहिलेला होता, दुसऱ्यावर १६ टक्के. पहिला जवळपास ठरलाच होता. सही करण्याआधी त्यांनी दोन्ही कागद मला दाखवले. हिशेब करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की १० टक्क्यांचं कर्ज १६ टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग आहे, आणि फरक थोडाथोडका नाही.

हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे, कारण पहिल्या प्रस्तावात एकही आकडा खोटा नव्हता. बाईंची दिशाभूल होत होती ती दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेले दर शेजारी ठेवून त्यांची तुलना केल्यामुळे.

पहिल्या कागदावर १० टक्क्यांच्या पुढे 'फ्लॅट' हा शब्द बारीक अक्षरात होता. फ्लॅट म्हणजे सपाट दर. यात व्याज सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर धरतात आणि ते सगळ्या मुदतीसाठी तसंच राहतं. १,२०,००० चे १० टक्के म्हणजे वर्षाला १२,०००, दोन वर्षांचे २४,०००. मुद्दल आणि व्याज मिळून १,४४,०००. याला २४ ने भागलं की महिन्याचा हप्ता ६,००० रुपये. हिशेब तोंडी करता येतो आणि हप्ता गोल आकड्यात येतो, त्यामुळे तो सांगायला आणि पटवायला सोपा जातो.

अडचण अशी की बाईंकडे १,२०,००० रुपये दोन वर्षं राहणारच नव्हते. पहिल्या महिन्यानंतर ६,००० परत जाणार, दुसऱ्या महिन्यानंतर आणखी ६,०००. मुदतीच्या शेवटी शेवटी तर वापरायला जेमतेम एका हप्त्याएवढी रक्कम उरते. तरी त्या चोविसाव्या महिन्याचंही व्याज १,२०,००० वर मोजलेलं असतं, म्हणजे हजार रुपये. जी रक्कम सावकाराला कधीच परत मिळाली आहे तिच्यावर व्याज चालूच राहतं.

घटत्या शिलकेच्या पद्धतीत असं होत नाही. तिथे दर महिन्याला आधी बघतात की आज मुद्दल किती बाकी आहे. तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज लागतं. हप्त्यातून ते व्याज वजा झालं की उरलेला भाग मुद्दलात जमा होतो आणि पुढच्या महिन्याचं व्याज आणखी कमी रकमेवर लागतं. दुसऱ्या कागदावरचे १६ टक्के हे या पद्धतीचे होते. त्या कर्जाचा हप्ता येतो ५,८७६ रुपये. म्हणजे वर लिहिलेला दर जास्त आणि हप्ता मात्र १२४ रुपयांनी कमी. दोन वर्षांचं एकूण व्याज पहिल्यात २४,००० आणि दुसऱ्यात साधारण २१,०००.

रक्कम तीच, मुदत तीच, हप्त्यांची संख्याही तीच असेल तेव्हा नुसता हप्ता शेजारी ठेवला तरी कोणतं कर्ज स्वस्त ते कळतं. दर बघायचीही गरज पडत नाही. पण प्रत्यक्षात रक्कम आणि मुदत इतकी जुळलेली क्वचितच असते, आणि सुरुवातीला कापले जाणारे खर्च हप्त्यात दिसत नाहीत. म्हणून खरा वार्षिक दर काढावाच लागतो.

तो काढायचा म्हणजे असा प्रश्न सोडवायचा: आज १,२०,००० हातात घेतले आणि पुढे २४ महिने ६,००० दिले, तर घटत्या शिलकेवर महिन्याला किती टक्के व्याज लावलं असता शेवटच्या हप्त्याला खातं बरोबर शून्यावर येईल? हा दर एका झटक्यात सुटणाऱ्या सूत्राने मिळत नाही, अंदाज घेत घेत जवळ जावं लागतं. स्प्रेडशीट ते काम क्षणात करते:

```
=RATE(24,-6000,120000)
=RATE(24,-6000,120000)*12
```

पहिली ओळ महिन्याचा दर देते, सुमारे १.५१३ टक्के. दुसरी ओळ त्याला बाराने गुणते: १८.१६ टक्के. हप्त्यापुढचं वजाचं चिन्ह विसरू नका, कारण पैसा येतो एका दिशेने आणि जातो उलट दिशेने. दोन्ही आकडे अधिक चिन्हाचे दिले तर उत्तराऐवजी चूक दाखवली जाते.

बाईंना स्प्रेडशीटने काढलेलं उत्तर पटेना, आणि अशी शंका घेणं योग्यच होतं. म्हणून आम्ही वहीत ताळा करून पाहिला. पहिल्या महिन्यात १,२०,००० वर १.५१३ टक्क्यांनी व्याज १,८१६ रुपये. ६,००० च्या हप्त्यातून ते वजा केलं तर मुद्दलात गेले ४,१८४. बाकी राहिली १,१५,८१६. दुसऱ्या महिन्यात या बाकीवर व्याज १,७५२, मुद्दलात ४,२४८. असं करत बाराव्या हप्त्यानंतर बाकी ६५,३९२ येते. चोविसाव्या महिन्याच्या सुरुवातीला ५,९११ उरतात, त्यावर व्याज ८९ रुपये, दोन्ही मिळून बरोबर ६,०००. खातं शून्य. दर थोडा जरी कमी धरला असता तर शेवटचा हप्ता पूर्ण ६,००० चा लागला नसता, जास्त धरला असता तर शेवटी काहीतरी बाकी राहिली असती. त्यामुळे या हप्त्यांच्या मागे हाच दर आहे यात शंका उरत नाही.

उलट बाजूनेही पाहता येतं. घटत्या शिलकेवर खरोखर १० टक्के दर असता तर हप्ता ५,५३७ रुपये आला असता आणि दोन वर्षांचं व्याज सुमारे १२,९०० झालं असतं. पहिल्या प्रस्तावातलं व्याज २४,००० आहे. कागदावरचा टक्का एकच, पण पैसे जवळजवळ दुप्पट.

दुप्पट का, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा मुद्दल दर महिन्याला समान ५,००० रुपयांनी फिटतं. मग महिन्यांच्या सुरुवातीची बाकी १,२०,००० पासून उतरत ५,००० वर येते आणि तिची सरासरी होते ६२,५००. म्हणजे बाई वर्षाला १२,००० रुपये व्याज देतात, पण सरासरीने त्यांच्या हाती असतात ६२,५०० रुपये. १२,००० भागिले ६२,५०० म्हणजे १९.२ टक्के. कागद-पेन्सिलीने पटकन अंदाज घ्यायचा तर ही रीत चांगली आहे. सूत्र म्हणून ती अशी: हप्त्यांच्या संख्येची दुप्पट घ्या, तिला हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून भागा आणि सपाट दराने गुणा. इथे ४८ भागिले २५, गुणिले १०.

पण हा अंदाज खऱ्या दरापेक्षा एक टक्का जास्त आला, आणि त्याला कारण आहे. समान हप्त्यात सुरुवातीला व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मुद्दल आधी हळू आणि नंतर वेगाने फिटतं. वरच्या ताळ्यात पहिल्या महिन्यात मुद्दलात ५,००० नव्हे तर ४,१८४ च गेले होते. म्हणून प्रत्यक्षातली सरासरी बाकी ६२,५०० पेक्षा जास्त, सुमारे ६६,०९० असते. १२,००० ला तिने भागलं की १८.१६ टक्केच येतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते जी बऱ्याच जणांना माहीत नसते. 'सपाट दराची दुप्पट करा' हा तोंडी नियम सगळ्या मुदतींना सारखा लागू पडत नाही. १० टक्के सपाट दराचं कर्ज सहा महिन्यांचं असेल तर खरा दर १६.९ टक्क्यांच्या आसपास असतो. एक वर्षाला तो १८ टक्क्यांच्या जवळ जातो, दोन वर्षांना १८.१६, आणि मग हळूहळू खाली येतो: पाच वर्षांना १७.३, दहा वर्षांना १५.९. एकाच हप्त्यात फेडायचं असेल तर सपाट आणि घटता दर एकच, कारण बाकी मध्ये कुठे घटतच नाही. अगदी लांबच्या मुदतीला दर का उतरतो? सपाट पद्धतीत मुदत वाढली तरी दरवर्षीचं व्याज तेवढंच राहतं, पण मुद्दलाचा हप्ता लहान होत जातो आणि मोठी रक्कम जास्त काळ हाती राहते. याचा अर्थ लांबची मुदत घ्यावी असा मुळीच नाही. व्याजाचे एकूण रुपये मुदतीबरोबर वाढतच जातात. पण दोन वेगळ्या मुदतींचे सपाट दर थेट तोलणं किती फसवं आहे ते यावरून कळतं.

इथवर फक्त व्याजाचा विचार झाला. पहिल्या प्रस्तावात प्रोसेसिंग फी २ टक्के म्हणजे २,४०० रुपये होती, कागदपत्रांचे ६०० आणि कर्जासोबतचा विमा १,८००. हे ४,८०० रुपये वेगळे मागणार नव्हते, कर्जातूनच कापून घेणार होते. बाईंच्या खात्यात पडणार होते १,१५,२००. हप्ता मात्र १,२०,००० वर काढलेलाच, ६,०००. खरी वार्षिक टक्केवारी काढताना सूत्रात हातात पडलेली रक्कम घालायची असते, करारावर लिहिलेली नव्हे:

```
=RATE(24,-6000,115200)*12
```

उत्तर २२.४ टक्के. विम्याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. तो खरोखर ऐच्छिक असेल, बाईंना एरवीही घ्यायचाच असेल आणि बाजारात त्याच किमतीला मिळत असेल, तर तो कर्जाचा खर्च म्हणता येणार नाही. तो वगळून दर २०.८ टक्के येतो. पण विम्याशिवाय कर्ज मिळणार नसेल, तर माझ्या मते तो खर्चात धरलाच पाहिजे, त्याला नाव काहीही दिलेलं असो. बाईंनी विचारलं तेव्हा विमा सक्तीचा आहे असं उत्तर मिळालं. म्हणून २२.४.

दुसऱ्या प्रस्तावात १ टक्का फी होती, १,२०० रुपये, बाकी काही नाही. हातात १,१८,८०० धरून त्याचा दर १७ टक्के निघाला. आता तुलना सरळ झाली: २२.४ विरुद्ध १७.

वार्षिक टक्केवारी म्हणताना आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. महिन्याच्या दराला बाराने गुणणं ही एक रीत. महिन्याचं व्याज पुढच्या महिन्याच्या बाकीत मिसळतं असं धरून चक्रवाढ पद्धतीने वर्षाचा दर काढणं ही दुसरी. फी न धरता पहिल्या कर्जाचा दर पहिल्या रीतीने १८.१६ टक्के येतो आणि दुसरीने १९.७५. अमेरिकेत १९६८ च्या कर्ज-माहिती कायद्यापासून कर्जदाराला जी वार्षिक टक्केवारी सांगावी लागते ती पहिल्या रीतीची आहे. युरोपीय संघाच्या ग्राहक कर्जाच्या नियमांत दुसरी रीत धरलेली आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त एका कर्जाला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावायची नाही. कागदावर वार्षिक टक्केवारी छापलेली असेल आणि तुमच्या आकड्याशी ती दीड-दोन टक्क्यांनी जुळत नसेल, तर आधी ही रीत तपासावी, मग कुठला खर्च धरायचा राहिला आहे ते शोधावं.

या प्रकरणात सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र मुदतीआधी कर्ज मिटवण्याच्या कलमाने. बाईंची एक ठेव बारा महिन्यांनी पिकणार होती. ती आली की कर्ज एकरकमी संपवायचं असं त्यांनी आधीपासून ठरवलं होतं. म्हणून मी त्यांना म्हटलं, "बारा हप्ते भरून झाल्यावर किती रक्कम दिली की खातं बंद होईल, हे दोघांनाही लेखी विचारा."

पहिल्याचं उत्तर असं आलं: उरलेले बारा हप्ते, म्हणजे ७२,०००, एकदम भरावे लागतील. सपाट दराच्या करारात हे अनेकदा असतं. व्याज आधीच मोजून रकमेत मिसळलेलं असतं आणि लवकर फेडलं तरी न वापरलेल्या काळाचं व्याज सोडून दिलं जाईलच असं नसतं. घटत्या शिलकेने त्याच हप्त्यांवर बाकी काढली तर ती ६५,३९२ होते. वरचे ६,६०८ रुपये हे ज्या वर्षी पैसे वापरणारच नाही त्या वर्षाचं व्याज.

काही करारांत यावर मधला उपाय असतो, त्याला 'रूल ऑफ ७८' म्हणतात. १ ते १२ या आकड्यांची बेरीज ७८, म्हणून हे नाव. २४ महिन्यांच्या कर्जात १ ते २४ ची बेरीज ३०० धरतात. एकूण व्याजाचे ३०० भाग पाडायचे, पहिल्या महिन्याला २४ भाग, दुसऱ्याला २३, असं शेवटच्या महिन्याला एक. बारा महिने उरले असताना ७८ भाग शिल्लक असतात. २४,००० पैकी तेवढा वाटा म्हणजे ६,२४०, तो माफ होतो आणि भरायचे राहतात ६५,७६०. घटत्या शिलकेच्या खऱ्या बाकीपेक्षा हे ३६८ रुपयांनीच जास्त आहे. लहान मुदतीत आणि अशा दराला फरक किरकोळ राहतो. मुदत लांब आणि दर चढा असेल तर मात्र हा नियम कर्जदाराच्या अंगावर येतो. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने ६१ महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या ग्राहक कर्जांवर तो वापरायला बंदी घातली. पहिल्या प्रस्तावात रूल ऑफ ७८ सुद्धा नव्हता. सवलत शून्य.

दुसऱ्याने सांगितलं की बारा हप्त्यांनंतरच्या बाकीवर ३ टक्के शुल्क लागेल. बाकी ६४,७५३, शुल्क १,९४३, एकूण ६६,६९६. शुल्क ऐकून बाई थोड्या बिचकल्या, कारण पहिल्याच्या कागदावर 'मुदतपूर्व फेडीचे शुल्क: नाही' असं ठळक छापलेलं होतं. शुल्क खरंच नव्हतं. ते आकारायची गरजच नव्हती, कारण सगळं व्याज तसंही वसूल होणार होतं.

आता बारा महिन्यांत मिटवायचं धरून दोन्हींचा खरा दर काढला. स्प्रेडशीटच्या त्याच सूत्रात शेवटी एकदम भरायची रक्कम चौथ्या जागी घालता येते:

```
=RATE(12,-6000,115200,-72000)*12
=RATE(12,-5876,118800,-66696)*12
```

पहिल्याचं उत्तर ३० टक्क्यांना जरासंच कमी. दुसऱ्याचं १९.२ टक्के, तेही ३ टक्के शुल्क धरून. दोन्ही दर आधीपेक्षा वाढले, कारण सुरुवातीला कापलेली फी आता दोनऐवजी एकाच वर्षावर पडते. पण पहिल्यात त्यावर न वापरलेल्या वर्षाचं व्याजही चढलं. रुपयांत सांगायचं तर फी धरून पहिलं कर्ज सुमारे १०,४०० रुपयांनी महाग पडत होतं. १,२०,००० च्या कर्जात आणि एका वर्षात.

हिशेब कळल्यावर बाई पहिल्या ठिकाणी परत गेल्या आणि म्हणाल्या, हेच कर्ज घटत्या शिलकेवर द्या. तिथल्या माणसाने उत्तर दिलं, "ताई, दर मग अठरा लिहावा लागेल, हप्ता तोच राहील." हे उत्तर प्रामाणिक होतं. नुसता शब्द बदलून कर्ज स्वस्त होत नाही. मात्र त्या बदलाने एक गोष्ट नक्की सुधारली असती: बारा महिन्यांनंतर ७२,००० ऐवजी ६५,३९२ भरून सुटता आलं असतं. तेवढं मान्य आहे का असं विचारल्यावर नकार आला.

दुसऱ्या कर्जावर सही करण्याआधी एकच गोष्ट तपासायची राहिली होती, १६ टक्के स्थिर आहेत की बदलते. घटत्या शिलकेचा दर बदलता असेल तर आजचा आकडा पूर्ण मुदतीला टिकेल याची खात्री नसते, आणि सपाट दराच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरलेलाच राहतो. ही सपाट कर्जाची एक खरी बाजू आहे. नुसत्या व्याजापुरतं बोलायचं तर दुसऱ्याचा दर पहिल्या दिवसापासून १८.१६ टक्के असता तर दोन्ही कर्जं सारखी झाली असती. करारात १६ टक्के दोन वर्षांसाठी स्थिर असल्याचं कलम होतं. ते कलम आणि मुदतपूर्व फेडीच्या ३ टक्क्यांचं कलम, दोन्हींखाली सही झाली. बाईंनी त्या दोन पानांच्या प्रती घेतल्या आणि बारा हप्त्यांनंतरची ६४,७५३ ची बाकी पेन्सिलीने समासात लिहून ठेवली, म्हणजे त्या दिवशी येणारं पत्रक तिच्याशी ताडून बघता येईल.